'आमचे हे कधी बोलूनच दाखवत नाहीत': अबोल माया आणि तुटलेपण यांतला फरक कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी, नवरा-बायकोच्या समुपदेशनाचं काम करते. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेतकरी कुटुंबातले असतात आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका. पण अलीकडे पुरुषही विचारू लागलेत, त्यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून उदाहरणांतले बारीक तपशील बदलले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लग्नाला बारा वर्षं झाली, पण आमचे हे एकदाही 'आय लव्ह यू' म्हणाले नाहीत. प्रेम नाही असंच समजायचं का?

एवढ्यावरून तसं समजू नका. आपल्या बोलीत हे वाक्य मुळात रुळलेलंच नाही. आपल्याकडे माया असते, जीव लावणं असतं, लळा असतो. पण 'त्याचा तिच्यावर लय जीव हाये' हे शेजारीण म्हणते, तो स्वतः म्हणत नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं तर बोलणाऱ्यालाच नाटकात उभं राहिल्यासारखं वाटतं. ज्या घरात बायको नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेते आणि नवरा 'अवं, ऐकलं का' एवढ्यावर जन्म काढतो, तिथे वाढलेल्या मुलाच्या कानावर हे वाक्य पडणार तरी कुठून?

माझ्या वडिलांनी आईला कधी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. पण कापूस वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी ते कंदील जवळ ओढायचे, आईची टाच आपल्या मांडीवर घ्यायचे आणि सुईने बाभळीचा काटा काढायचे. काटा निघाला की तो तळहातावर घेऊन तिला दाखवायचे, मग त्या जागी तेल-हळद लावायचे. आईने पाय मागे घेतला तर 'थांब वं, राह्यलं थोडं' एवढंच बोलायचे. ती माया होती, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

आता दुसरी बाजू. साठीला आल्यावर आई मला म्हणाली, 'बोलले असते तर बरं वाटलं असतं.' माया होती आणि बोलण्याची उणीवही होती. दोन्ही एकाच घरात होतं. म्हणून 'करतो ना सगळं, बोलायचं काय त्यात' असं सांगून कोणी तुमची तक्रार उडवून लावत असेल, तर ते मला पटत नाही. तुमची भूक खरी आहे. फक्त ती भूक म्हणजेच प्रेम नसल्याचा पुरावा, असं मात्र नाही.

२. कमावतात, घर चालवतात, मुलांच्या फी भरतात. हे प्रेम म्हणायचं की कर्तव्य?

नुसत्या कामावरून ते कळत नाही. मी विचारते की ते काम तुमच्यासाठी वळतं का. तुमच्या जागी दुसरी कोणी बायको असती तरी जे जसंच्या तसं झालं असतं, ते कर्तव्य. कर्तव्यही मोलाचं असतं, पण त्यावरून तुमच्याबद्दल काही कळत नाही.

वेचणीला गेलात की कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, नखाच्या कडा फाटतात. एक बाई सांगत होत्या की त्यांच्या नवऱ्याने जुन्या दुपट्ट्याच्या चिंध्या फाडून त्यांच्या पदराला बांधून ठेवल्या. 'बोटाले गुंडाळजो' म्हणाला आणि वखर घेऊन निघून गेला. घरातल्या चार बायका वेचायला होत्या, पण चिंध्या एकीच्याच पदराला होत्या. काम वळलं म्हणते ते हे.

उलट उदाहरणही पाहिलं आहे. दिवाळीला सोन्याची पोत आणणारा माणूस, पण बायकोला चार महिन्यांपासून पाळीचा त्रास आहे हे त्याला माझ्यासमोर कळलं. पोत खोटी नव्हती. तिच्यामागे बायकोकडे पाहणं नव्हतं.

तेव्हा महिनाभराची कामं आठवा. त्यातलं एखादं तरी तुमच्या सवयीकडे, दुखण्याकडे, आवडीकडे पाहून वळलेलं सापडतं का? सापडलं तर चांगली खूण आहे. एकही सापडलं नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नका, आधी पुढचा प्रश्न वाचा.

३. मग तुटलेपण आहे हे नक्की ओळखायचं कसं? काही मोजमाप आहे का?

आहे, आणि त्याला आपल्याकडे जुना शब्दही आहे: हाकेला ओ देणं.

अमेरिकेत सिॲटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांचं साधं रोजचं बोलणं-वागणं बारकाईने पाहिलं. 'बाहेर बघ, काय पाऊस आला' असं एकाने म्हणावं आणि दुसऱ्याने मान वर करून पाहावं, इतक्या छोट्या गोष्टी त्याने नोंदवल्या. सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांचा संसार टिकला होता, ते शंभरातल्या सुमारे 86 हाकांना ओ देत होते. जे वेगळे झाले, ते सुमारे 33 हाकांना. आकडे परदेशातल्या थोड्या जोडप्यांचे आहेत, म्हणून तुमच्या घराला पास-नापास करायला ते वापरू नका. त्यातलं मर्म मात्र आपल्याकडे तंतोतंत लागू पडतं: मोठ्या शब्दांवरून कळत नाही, लहान हाकेला मान वळते की नाही यावरून कळतं.

तेव्हा एक वही घ्या आणि चौदा दिवस लिहा. तुम्ही हाक दिली, म्हणजे काही सांगितलं, विचारलं, दाखवलं, जवळ बसलात, की एक खूण करा. त्यापुढे तीनपैकी एक लिहा. 'ओ' म्हणजे उत्तर दिलं, पाहिलं, नंतर का होईना केलं. 'गेली' म्हणजे ऐकलंच नाही किंवा नुसतं 'हूं'. 'झिडकारलं' म्हणजे 'कटकट करू नको' किंवा टोमणा. पेरणीचा आठवडा, सोयाबीन काढणीचे दिवस, घरात मयत किंवा लग्न असे दिवस टाळा. त्या दिवसांत कोणाचीच मान वळत नाही.

एक वही सविस्तर सांगते. बाई चौतीस वर्षांच्या, सहा एकर कोरडवाहू, दोन मुलं. 'त्यांच्या लेखी मी भिंतीसारखी आहे' असं म्हणत आल्या होत्या. नोव्हेंबरअखेर, दोन वेचण्यांच्या मधल्या दिवसांत त्यांनी वही ठेवली. चौदा दिवसांत 41 हाका. ओ 27, गेली 11, झिडकारलं 3. आकडे पाहून त्या स्वतःच गप्प झाल्या. गेलेल्या 11 पैकी 9 हाका रात्री आठ ते साडेनऊमधल्या होत्या, नवरा जेवून मोबाईल घेऊन बाजेवर पडलेला असायचा तेव्हाच्या. सकाळच्या एकाही हाकेवर 'गेली' नव्हतं.

मग मी त्यांना दुसरी उजळणी करायला लावली. 41 पैकी स्वतःच्या मनातलं सांगणाऱ्या हाका किती? सहा. बाकी सगळ्या मीठ, फी, गाय, किराणा. त्या सहांपैकी चारांना ओ मिळाली होती, आणि एक तर त्यांनी आधी 'गेली'त लिहिली होती. आईचा गुडघा सुजला म्हणून त्या रात्री नवऱ्याला सांगत होत्या, तो 'हूं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी वावरातून त्याने सासूला फोन केला होता, 'मामी, गुडघा कसा हाये आता?' हे यांना आईकडूनच चार दिवसांनी कळलं.

शेवटी मी विचारलं, त्यांच्या हाका लिहिल्या का? बाईंना वाटलं, ते कुठे हाक देतात? पुढच्या आठवड्यात ते लिहायला लागल्या. 'बोंडअळी दिसून राह्यली, चाल पाहाले.' 'चहा ठेव, दोघांचा.' 'आज ट्रॅक्टरवाल्याने लय तंगवलं.' सात दिवसांत 19 हाका, त्यातल्या 7 यांनीच घालवल्या होत्या. नवऱ्याची हाक कायम पिकाच्या बोलीत असते, म्हणून ती हाक वाटतच नाही. बोंडअळी दाखवायला बायकोला बांधापर्यंत नेणारा माणूस तिला भिंत समजत नसतो.

हे घर तुटलेलं नव्हतं. रात्रीची वेळ वाईट होती आणि स्वतःचं सांगायची सवय दोघांनाही नव्हती.

तुटलेल्या घराची वही वेगळी दिसते. एका बाईंच्या चौदा दिवसांत फक्त पाच हाका निघाल्या. ओ किती याला तिथे अर्थच उरला नाही, कारण त्यांनी हाक देणंच सोडलं होतं. 'सांगून काय उपयोग' हे वाक्य तुमच्या तोंडी रुळलं असेल, तर वहीतला ओचा हिशेब बाजूला ठेवा आणि हाका कधीपासून कमी झाल्या ते आठवा. तुटलेपणाच्या आणखी दोन खुणा मी पाहते. तुमचं सध्या काय चाललंय, म्हणजे कशाची काळजी आहे, काय दुखतंय, कोणाशी बिनसलंय, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं आणि ते जाणून घ्यायचंही नसतं. आणि भांडणानंतर तो परत येत नाही (प्रश्न ५).

४. प्रत्येकाची 'प्रेमाची भाषा' वेगळी असते म्हणतात. आमच्या ह्यांची 'कामाची भाषा' असेल का?

ही पाच भाषांची कल्पना अमेरिकेतल्या गॅरी चॅपमन यांनी 1992 साली पुस्तकातून मांडली. कौतुकाचे शब्द, एकत्र वेळ, भेटवस्तू, मदत आणि स्पर्श. बोलायला सुरुवात म्हणून ती कामाला येते, मीही वापरते. पण 2024 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी झालेला अभ्यास तपासला, तेव्हा प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते याला नीट आधार सापडला नाही. बहुतेकांना पाचही हव्या असतात. त्यांनी समतोल आहाराची उपमा दिली आहे, आणि ती मला आपल्या ताटासाठी फार चपखल वाटते. नुसत्या भाकरीवर माणूस जगतो, पण वरण मागितलं तर 'माझी भाषा भाकरीची' हे उत्तर होत नाही.

५. भांडण झालं की चार-चार दिवस अबोला धरतात. हे मन शांत करणं आहे की मला शिक्षा?

दोन्ही असू शकतं, आणि बाहेरून सारखंच दिसतं. भांडणात काही जणांची, पुरुषांची जास्त, छाती धडधडायला लागते. नाडी मिनिटाला शंभरावर गेली की समोरचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. तेव्हा उठून गोठ्याकडे जाणारा माणूस तुम्हाला टाळत असेलच असं नाही, तो उकळी खाली बसवत असतो. त्याला निदान वीस मिनिटं लागतात, कोणाला एखादी रात्रही लागते.

फरक परतीवरून कळतो. शांत व्हायला गेलेला माणूस काहीतरी निमित्त काढून परत येतो. 'चहा हाये काय?' विचारतो, लेकराला मध्ये घालून बोलतो, तुमच्या बाजूला येऊन टोपलीतल्या शेंगा सोलायला लागतो. माफी मागत नसेल, पण येतो. शिक्षा देणाऱ्याचा अबोला तुम्ही नमल्यावरच सुटतो. तो बाकी सगळ्यांशी हसून बोलतो, ते तुम्हाला दिसेल अशा बेताने बोलतो, आणि मूळ गोष्ट पुन्हा काढायची मुभा कधीच नसते. दर वेळी तुम्हीच पायाशी जात असाल, तर ते तुटलेपणाच्याही पुढचं आहे. प्रश्न १२ वाचा.

शांत वेळी एक करार करून पाहा: 'उठून जायचं तर जा, पण येतो म्हणून सांगून जा.' एवढ्या दोन शब्दांनी बऱ्याच घरांतली अबोल्याची रात्र निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे.

६. सासू-सासऱ्यांसमोर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. एकटे असलो की बरे वागतात.

ही मर्यादा आहे, तुटलेपण नव्हे. एकत्र कुटुंबात बायकोच्या मागे फिरणाऱ्याला 'बायल्या' म्हणतात आणि तो शब्द लहानपणापासून कानात बसलेला असतो. सर्वांसमोर जवळीक मागू नका, पण सर्वांसमोर बाजू मागा. सासूबाई तुमच्या माहेरावरून बोलल्या तेव्हा तो निदान 'राहू दे ना आई' म्हणाला का? लोकांसमोर हात धरला नाही याने संसाराचं काही बिघडत नाही. लोकांसमोर कायम एकटं सोडलं तर बिघडतं.

७. पानठेल्यावर तासन्‌तास गप्पा मारतात, घरी आले की तोंडाला कुलूप. मग बोलता येत नाही असं कसं म्हणू?

पानठेल्यावरच्या गप्पा नीट ऐका. भाव, पाऊस, राजकारण, कोणाची विहीर लागली. तिथे स्वतःच्या मनातलं कोणीच काढत नाही. तुम्ही घरी जे मागता ते बोलणं वेगळं असतं. म्हणून घरी पहिल्याच पायरीला मन मागू नका, आधी पानठेल्याच्याच विषयांवर बोला. बायको तुरीच्या भावावर चार वाक्यं बोलली तर पुष्कळ नवरे चकित होतात आणि मग अर्धा तास बोलतात. पण तुम्ही दार उघडूनही महिनाभर काहीच येत नसेल, तर वही ठेवा (प्रश्न ३).

८. आधी असे नव्हते. गेल्या काही महिन्यांत गप्प गप्प झालेत. आता माझ्यावर मन नाही का?

हा प्रश्न मी कधी घाईत वाचत नाही. मुळात अबोल असणं आणि बोलता माणूस अबोल होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वभाव सहा महिन्यांत बदलत नाही. बदललं असेल तर कारण शोधायचं, आणि ते कारण तुम्ही असालच असं नाही.

आपल्या भागात पहिली शंका नैराश्याची आणि कर्जाची घ्या. पुरुषांत नैराश्य रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, पहाटे तीनला जाग, डोकं-पाठ दुखणं, जेवणावरून मन उडणं, वावरात जायचा कंटाळा, दारू वाढणं असं ते दिसतं. असं दोन आठवडे रोज चालू असेल तर ते आजारपण समजा आणि डॉक्टरला दाखवा. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात विचारा. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर आधी तुम्ही फोन करा.

'माझ्यामागं तुमचं बरं होईन' असं काही बोलण्यात आलं, देणीघेणी एकाएकी निपटायला घेतली, लेकरांना उगाच कुशीत घेऊन बसू लागला, तर सरळ विचारा: 'जीव द्यायचं मनात येते काय?' विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि त्याच दिवशी फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवा. कुलूप लावून किल्ली घरातच ठेवली तर उपयोग नाही, डबे भावकीत किंवा शेजारी दुसऱ्याच्या ताब्यात द्या. त्याला एकटं ठेवू नका, आणि धोका समोर दिसत असेल तर 112 ला फोन लावा. अशा वेळी 'माझ्याशी बोलत का नाही' हा प्रश्न काही दिवस बाजूला राहू द्या.

९. पुण्याला कंपनीत आहेत. फोन दोन मिनिटांचा: 'जेवली का? पोरं जेवली का? ठेवतो.' हे काय प्रेम आहे?

'जेवली का' हा आपल्याकडचा फार मोठा प्रश्न आहे, त्याला हलकं समजू नका. पाहायचं एवढंच की उत्तराची वाट पाहिली जाते का. 'नाही जेवले, अंगात कणकण आहे' असं एकदा सांगून बघा. दुसऱ्या दिवशीच्या फोनवर 'बरं हाये का आता?' आलं तर माणूस तिथून तुमच्याजवळच आहे. तोच 'जेवली का' पुन्हा आला, तर फोन नुसता हजेरीचा झालाय. तसं असेल तर रोजच्या दोन मिनिटांऐवजी आठवड्यातून एक दिवस, त्याच्या सुट्टीच्या सकाळी, वीस मिनिटं मागून घ्या. शिफ्टवरून सुटलेल्या माणसाला रात्री दहाला मन उघडायला सांगणं फळत नाही.

१०. मी बोलायला सांगितलं तर म्हणतात, 'काय कमी केलं तुले?' मग मागायचं कसं?

'तुम्ही माझ्यावर प्रेमच करत नाही' हे त्याच्या कानाला 'तुझी राबणूक फुकट' असं ऐकू येतं. म्हणून तो हिशेब मांडायला लागतो. मागणं लहान करा, दिसेल असं करा आणि एकच करा. 'झोपायच्या आधी मले एकदा विचारत जा, आज दिवस कसा गेला.' बस्स. त्याने काय होईल तेही सांगा: 'तुम्ही विचारलं की दिवसाचा शीण जाते माझा.'

वेळ आणि जागा निवडा. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहून बोलणं पुष्कळ पुरुषांना पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं. मोटारसायकलवर मागे बसून, आठवडी बाजाराहून परतताना, तेच बोलणं सोपं जातं. तोंड रस्त्याकडे असतं, हात खांद्यावर असतो. बांधावर सोबत चालताना, पऱ्हाटी उपटतानाही चालतं. भांडणात, जेवताना, सासूबाईंच्या कानावर पडेल असं मात्र मागू नका.

तीन आठवडे द्या. त्याने अडखळत, यांत्रिकपणे विचारलं तरी चालेल. 'मी सांगितलं म्हणून विचारलं, मनातून कुठे?' असं म्हणून ती पहिली 'ओ' मोडू नका. सांगितलेलं लक्षात ठेवून कोणी अवघडत का होईना करतंय, हीच तर खूण आपण शोधत होतो. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या शांत वेळी मागूनही एवढीशी गोष्ट झाली नाही, किंवा मागण्याचीच टर उडवली गेली, तर त्याला स्वभाव म्हणू नका. गावातला एखादा समंजस नातेवाईक किंवा समुपदेशक मध्ये घ्या.

११. मी नवरा आहे. बायको म्हणते तुम्ही कधी बोलत नाही. मला ते इंग्रजी वाक्य म्हणायला लाज वाटते. काय म्हणू?

ते वाक्य म्हणूच नका, भाऊ. आपल्या बोलीत बोला, आणि घडलेल्या एखाद्या गोष्टीला धरून बोला. 'तू होती म्हणून हे वर्ष निभलं.' 'आज वावरात तुयी लय आठवण आली.' 'थकली दिसतं, बस जरा, भाकरी मी वाढून घेतो.' गोष्ट नेमकी असली की शब्द खोटे वाटत नाहीत. तोंडातून निघतच नसेल तर फोनवर लिहून पाठवा. समोर न बोलता येणारे पुष्कळ जण लिहितात.

आणि रात्री आठ ते साडेनऊ मोबाईल बाजूला ठेवून पाहा. प्रश्न ३ मधली वही वाचा, म्हणजे असं का म्हणते ते कळेल.

काही पुरुष सांगतात की बायकोच बोलत नाही. तिथे आधी हे तपासा की ती गप्प आहे की घाबरलेली आहे. तुमचा स्वर चढला की ती लगेच 'हो हो' म्हणते का? तसं असेल तर तिचा अबोला तुमच्या आवाजाने आलेला आहे, आणि सुरुवात तुमच्याकडून व्हायला हवी.

१२. आमच्याकडे उलट आहे. प्यायले की 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' म्हणतात, माझ्यावर जीव आहे असं गावभर सांगतात. पण हात उचलतात, फोन तपासतात, माहेरी जाऊ देत नाहीत. हे प्रेमच ना?

नाही. दारूतले शब्द सकाळी त्याने पुन्हा म्हटले तरच मोजा. आणि मारहाण, पैसे अडवणं, माणसांपासून तोडणं ही प्रेम दाखवायची कुठलीच 'पद्धत' नाही. इथे वही ठेवू नका, सापडली तर तुम्हालाच धोका आहे. प्रश्न १० मधल्या सूचनाही इथे लागू नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची कोंडीही येते, नुसती मारहाण नव्हे. 181 वर फोन करा, ताबडतोब धोका असेल तर 112 वर. संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे भेटतील हे 181 वर किंवा महिला व बालविकास कार्यालयात सांगतात. अंगणवाडी ताई किंवा आशा ताई यांच्यापैकी जिच्यावर विश्वास असेल तिला आधी सांगून ठेवा, म्हणजे गरज पडली तर तुमची हाक ऐकणारं गावात कोणीतरी असेल.

१३. हिंसा नाही, व्यसन नाही, आजार नाही. वही ठेवली, मागून पाहिलं, माणूस मध्ये घातला. तरी ओ नाही. अजून किती दिवस थांबू?

ठरावीक मुदत कोणी देऊ शकत नाही. माझा अनुभव असा की खरोखर प्रयत्न सुरू झाले असतील तर एका हंगामात, म्हणजे चार-पाच महिन्यांत, वही थोडी तरी हलते. आधी चार हाका जात असत तिथे तीन जातात, किंवा अबोला चार दिवसांवरून दोनावर येतो. दोघं मिळून समुपदेशनाला यायला तो एकदाही तयार झाला नाही, तर तुम्ही एकट्या या. एकटीने आलेल्या बाईच्या हाकाही बदलतात, आणि काही घरांत तेवढ्याने पुढचं सुरू होतं.

काही घरांत होत नाही. तिथे बाया वेगवेगळे निर्णय घेतात. एकीने बचतगटात आणि बहिणीत आपलं बोलणं शोधलं आणि संसार तसाच ठेवला, एकीने वेगळं राहायचं ठरवलं. दोघींनाही मी चूक म्हटलं नाही. निर्णयाआधी मी एवढंच विचारते की तुमच्या नावावर काय आहे, बँकेत खातं आहे का, आणि माहेरचं दार उघडं आहे का. उत्तर 'नाही' असेल तर आधी खातं उघडायला बँकेत जाऊ, बाकीचं त्यानंतर बोलू.